थाप दोनदा, टाळ एकदाच: इंदूरच्या मैदानातल्या डिले स्पीकरचं प्रकरण

डिसेंबरातलं तीन दिवसांचं कीर्तन. इंदूरच्या पश्चिम भागातलं एक मोकळं मैदान, तीन बाजूंना वस्ती आणि मागच्या टोकाला एका इमारतीची तीन मजली सपाट भिंत. सतरंज्यांवर बसलेली माणसं पाच हजारांच्या आसपास. आवाजाचं काम माझ्याकडे होतं. पहिल्या रात्री ते बिघडलं, दुसऱ्या दिवशी दुरुस्त केलं, आणि एक कोपरा तिसऱ्या दिवसापर्यंत पुरला. मी हे मुद्दाम लिहितो आहे, कारण पहिल्या रात्री डिलेचा आकडा, म्हणजे मागच्या स्पीकरचा आवाज किती उशिराने सोडायचा तो आकडा, अगदी बरोबर होता आणि तरीही लोकांना आवाज दोनदा ऐकू येत होता.

मैदानाची मांडणी अशी. व्यासपीठाच्या दोन्ही बाजूंना ट्रसवर मुख्य स्पीकर टांगलेले, जमिनीपासून साडेपाच मीटर वर, दोघांमध्ये १६ मीटर अंतर. शेवटची रांग १०० मीटरवर, भिंत १२० मीटरवर. बुवा बोलत असताना सोळाव्या मीटरवर मी साधारण ८२ डेसिबल ठेवले होते. याहून जास्त दिलं की पुढच्या आजी कानाला पदर लावतात, आणि कीर्तन दोन-अडीच तास चालतं. अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. म्हणजे ३२ मीटरवर ७६, ६४ मीटरवर ७०, आणि शेवटच्या रांगेत ६६. मागच्या बाजूला मुलांचा गलका, चहाची टपरी आणि रस्ता मिळून ६० डेसिबलचा गोंधळ कायम होता. सहा डेसिबलच्या फरकात आवाज येतो, शब्द कळत नाहीत. त्यातही स, श, त, क ही व्यंजनं सगळ्यात आधी जातात, कारण उंच पट्टीचा आवाज हवा जास्त शोषते आणि बसलेल्या माणसांच्या डोक्यांवरून सरपटत जाताना तोच जास्त मरतो. मागच्या माणसाला अभंगाची चाल कळते, चरण कळत नाही.

मुख्य स्पीकर वाढवून हे सुटत नाही. मागे १० डेसिबल हवे असतील तर पुढेही १० वाढतात, आणि मैदानाच्या सीमेवर कायदा उभा असतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागाची दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, आणि ध्वनिक्षेपक लावलेल्या सार्वजनिक जागेच्या सीमेवर त्याच्या वर १० म्हणजे ६५. म्हणून मैदानाच्या मध्यावर आणखी स्पीकर उभे करायचे आणि त्यांचा आवाज तेवढ्या उशिराने सोडायचा, हाच रस्ता उरतो. मुख्य स्पीकरपासून ६६ मीटरवर आवाज पोचायला सेकंदाचा जवळजवळ पाचवा भाग लागतो, पण तारेतला सिग्नल लगेच पोचतो. उशीर केला नाही तर मागच्या माणसाला आधी जवळचा स्पीकर ऐकू येतो आणि मग व्यासपीठाकडून तेच वाक्य पुन्हा.

पहिली रात्र

पहिल्या दिवशी मी ६६ मीटरवर, मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा मीटर सरकून, दोन जागी स्पीकर उभे केले, यांनाच टॉवर म्हणतात. प्रत्येक जागी पंधरा इंची पडद्याची दोन खोकी, म्हणजे टॉप, स्टँडवर, छातीच्या उंचीला. लेझरने जवळच्या मुख्य स्पीकरपासूनचं अंतर मोजलं, ते ६६.४ मीटर भरलं. हिशेब नेहमीचा:

```
उशीर = अंतर / (331.3 + 0.606 × T) × 1000 + 12
```

T म्हणजे हवेचं तापमान सेल्सिअसमध्ये, अंतर मीटरमध्ये, उत्तर मिलीसेकंदात. संध्याकाळी सहाला २४ अंश होते. हवेत आवाजाचा वेग सेकंदाला ३४६ मीटर निघाला, प्रवासाचे १९२ मिलीसेकंद, आणि वरचे १२ धरून २०४.

हे वरचे १२ कशाला, ते सांगायला हवं, कारण पुष्कळ जण ते घालत नाहीत. एकच आवाज दोन ठिकाणांहून थोड्या फरकाने आला तर कान दोन आवाज ऐकत नाही. एकच ऐकतो, आणि जो आधी आला त्याच्या दिशेने तो आला असं मानतो. हेल्मुट हास यांनी १९४९ मध्ये ग्योटिंगेनला केलेल्या प्रयोगांत दाखवलं की मागून येणारा आवाज साधारण ५ ते ३० मिलीसेकंदांच्या आत असेल तर तो पहिल्यापेक्षा १० डेसिबलपर्यंत मोठा असला तरी वेगळा जाणवत नाही. डिले स्पीकरचं सगळं काम या सवलतीवर चालतं. व्यासपीठाचा आवाज आधी पोचू द्यायचा आणि लगेच पाठीमागून टॉवरने त्याला स्पष्टपणा द्यायचा. ऐकणाऱ्याला वाटतं की बुवाच नीट ऐकू येताहेत. पण हीच दरी पन्नास मिलीसेकंदांच्या पुढे गेली की बोलण्यात प्रतिध्वनी कानाला बोचू लागतो.

कीर्तन सुरू झालं. अर्ध्या तासात समितीचे एक काका मिक्सरपाशी आले. म्हणाले, "अहो, शेवटी काहीच कळत नाहीये, मागचे वाढवा." मी तीन डेसिबल वाढवले. दहा मिनिटांनी पुन्हा निरोप, पुन्हा वाढवले. मग मधल्या रांगांतून माझा मदतनीस पोरगा धावत आला: "भैया, बीच में दो-दो बार सुनाई दे रहा है." मी मागच्यांचा आवाज कमी केला, की मागून माणूस आला. रात्री दहापर्यंत तसंच चाललं.

प्रतिध्वनी कुठून येत होता

कार्यक्रम संपल्यावर सामान आवरायच्या आधी मी मृदंगवाल्या बुवांना दहा मिनिटं थांबायची विनंती केली. ते माईकपुढे बसले आणि सावकाश, दोन-दोन सेकंदांनी, डाव्या बाजूची एकेक थाप देत राहिले. मधूनच एक टाळकरी टाळ वाजवत होते. मी मैदानात चालत गेलो.

टॉवरच्या मागे, म्हणजे ७० ते ९० मीटरवर, थाप एकच होती. आकडा बरोबर असल्याचं ते लक्षण. पण टॉवरच्या पुढे, व्यासपीठाच्या बाजूला, ५० मीटरच्या आसपास आलो आणि थाप स्पष्ट दोनदा आली: धुम्, धुम्. दुसरी पहिलीपेक्षा किंचित मोठी. टाळ मात्र एकदाच. पोराला खूण करून दोन्ही टॉवर बंद करायला लावले. दुसरी थाप गेली. चालू केले, ती परत आली.

थाप दोनदा आणि टाळ एकदाच, यातच सगळं उत्तर होतं. स्पीकरचा भोंगा उंच आवाज समोर टाकतो. खोक्याच्या पाठीकडे त्यातलं फारसं काही जात नाही, म्हणून टाळ तिकडे सांडत नव्हता. पण पंधरा इंची पडद्यातून निघणारे खालचे सूर, तीनशे-चारशे हर्ट्‌झच्या खालचे, खोक्याला वळसा घालून चारी बाजूंना पसरतात. मृदंगाची डावी बाजू आणि पुरुषाच्या आवाजाचा भरदारपणा याच पट्ट्यात असतो. म्हणजे माझे डिले स्पीकर पुढच्या बाजूलाही बोलत होते, फक्त खर्जात.

आणि पुढच्या बाजूला डिलेचा आकडा कधीच बरोबर ठरू शकत नाही. टॉवरच्या मागे बसलेल्या माणसाकडे मुख्य आवाज आणि टॉवरचा आवाज एकाच दिशेने जातात, त्यामुळे दोघांतला १२ मिलीसेकंदांचा फरक कायम तेवढाच राहतो, ७० मीटरवरही आणि ९० वरही. टॉवरच्या पुढे बसलेल्याचं उलटं होतं. तो टॉवरच्या १५ मीटर पुढे, म्हणजे ५१ मीटरवर बसला आहे असं धरा. मुख्य आवाज त्याच्यापाशी टॉवरपेक्षा १५ मीटर आधीच पोचतो, आणि टॉवरचा आवाज १५ मीटर उलटा चालत येतो. फरक ३० मीटरचा, म्हणजे ८७ मिलीसेकंद, वर आपले १२. शंभर मिलीसेकंदांची दरी. त्यात मी काकांच्या सांगण्यावरून आवाज वाढवत गेलो होतो. टॉवरसमोर आठ मीटरवर ८६ डेसिबल झाले होते. खोक्याच्या पाठीकडे खर्जात त्यातले सातेक कमी धरले आणि अंतराचे वजा केले तरी ५१ मीटरवर ७३ उरतात. तिथे मुख्य आवाज ७२ होता. उशिरा आलेला आवाज मूळ आवाजापेक्षा मोठा! मधली माणसं चिडली नसती तरच नवल.

इतका आवाज द्यावा का लागला, तर स्पीकर छातीच्या उंचीला होते. बसलेल्यांच्या आणि उभ्या राहिलेल्यांच्या अंगांनी उंच आवाज अडवला. पहिल्या चार-पाच रांगांना भडक आणि शेवटच्या रांगांना तरीही अपुरं.

रात्री एक स्वयंसेवक म्हणाला, टॉवरच्या पाठीला, व्यासपीठाच्या बाजूने, गाद्या टांगू. मनापासून सांगत होता, आणि पुष्कळ ठिकाणी लोक करतातही. पण चार इंची कापसाची गादी अडवते ती उंच आवाज, आणि तो इथे मुळातच मागे येत नव्हता. दोनशे हर्ट्‌झची लहर पावणेदोन मीटर लांबीची असते. तिला गादी म्हणजे पडदासुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी काय बदललं

सगळ्यात आधी खोकी बदलली. दोन मोठ्या जागांऐवजी चार लहान. पंधरा इंची जोड्यांच्या जागी एकेक बारा इंची टॉप, अरुंद भोंग्याचा, आडव्यात ६० अंशांचा. चार जागांवर काम वाटलं की प्रत्येकाला कमी आवाज पुरतो, आणि मागे सांडतो तोही त्या प्रमाणात कमी. ओळ ६६ मीटरवरच ठेवली, मध्यरेषेपासून दोन्हीकडे १० आणि २८ मीटरवर. ओळ कुठे आखावी हे मुख्य आवाजावरून ठरतं. तो गोंधळाच्या दहा डेसिबल वर आहे तोवर टॉवरची गरज नाही, आणि तो बुडून गेल्यावर टॉवर लावला तर कानाला व्यासपीठाची दिशाच मिळत नाही, सगळा आवाज खांबातून येतो. इथे तो दहाचा टप्पा ६५ मीटरच्या आसपास येत होता.

मग उंची. परांचीवाल्याकडून साडेचार मीटरचे चार मचाण उभे करून घेतले आणि स्पीकर सहा अंश खाली झुकवले. त्या उंचीवरून सहा अंश म्हणजे स्पीकरचा नेम बरोबर शेवटच्या रांगेवर. जवळची माणसं नेमाच्या खूप खाली येतात, भोंग्याच्या कडेला, त्यामुळे त्यांना आपोआप पाच-सहा डेसिबल कमी मिळतात. स्पीकर उंच नेऊन लांबच्या माणसावर नेम धरायचा हेच यातलं खरं कौशल्य आहे, मिलीसेकंद त्याच्या नंतर.

तिसरं, टॉवरच्या वाटेवर १८० हर्ट्‌झला लो कट, म्हणजे त्याखालचा खर्ज कापला. मृदंगाचा धुमारा फक्त मुख्य स्पीकरमधून. काहींना वाटेल मागच्यांना पातळ ऐकू येईल. तसं होत नाही, कारण खर्ज हवेत आणि गर्दीत फारसा मरत नाही, तो मागे पोचलेलाच असतो. मागे कमी पडतात ती व्यंजनं, आणि टॉवरने तेवढीच भरून द्यायची असतात.

चौथी गोष्ट समितीकडून मागून घ्यावी लागली. टॉवरच्या ओळीपुढे सात-आठ मीटर सतरंज्या घालायच्या नाहीत, तिथून जाण्या-येण्याची आडवी वाट काढायची. काकांना पटेना, तेवढ्यात दोन-तीनशे माणसं बसतात म्हणाले. त्यांना मी सकाळी मैदानात नेऊन त्या जागी उभं केलं आणि आदल्या दिवशीच्या मोठ्या खोक्यांवर मृदंग वाजवून ऐकवला. दोन थापांत ते हो म्हणाले. तसंही गर्दीत पाण्याच्या टाकीकडे जायला वाट लागतेच.

आता वेळ. दोन मुख्य स्पीकर मध्यरेषेपासून आठ-आठ मीटरवर असल्यामुळे आतल्या टॉवरचं जवळच्या मुख्य स्पीकरपासून अंतर ६६ मीटर आणि बाहेरच्याचं ६९. चारही टॉवर एका ओळीत दिसतात म्हणून सगळ्यांना एकच आकडा देण्याची चूक फार होते. तीन मीटर म्हणजे जवळजवळ नऊ मिलीसेकंद. आतल्यांना १९१ अधिक १२ म्हणजे २०३, बाहेरच्यांना २०० अधिक १२ म्हणजे २१२.

हा कागदावरचा हिशेब झाला. प्रत्यक्षात मिक्सर, प्रोसेसर आणि स्पीकरमधलं स्वतःचं इलेक्ट्रॉनिक्स असे प्रत्येक जण एक-दोन, कधी चार-पाच मिलीसेकंद खातात, आणि मुख्य व टॉवरच्या वाटा वेगळ्या असल्या की ते सारखे खात नाहीत. म्हणून आकडा घातल्यावर मोजायचं. मी महागडं काही वापरलं नाही. लॅपटॉपला एक माईक जोडला आणि टॉवरच्या मागे पाच मीटरवर, नेमाच्या रेषेत, माईक उभा केला. टॉवरचा उशीर मुद्दाम ५० मिलीसेकंद वाढवला, म्हणजे दोन ठोके एकमेकांत मिसळणार नाहीत. मग त्या बाजूचा एकच मुख्य स्पीकर आणि तो एकच टॉवर चालू ठेवून एक कोरडा "टक्" सोडला आणि रेकॉर्ड केला. पडद्यावर दोन उंच टोकं दिसतात, आधीचं मुख्यचं, नंतरचं टॉवरचं. त्यांच्यात ६२ मिलीसेकंद दिसले तर सगळं जागेवर. मला आतल्या टॉवरवर ६५ दिसले, म्हणजे टॉवरचं खोकं स्वतःचे तीन घालत होतं. तेवढे कमी केले, ५० परत काढून घेतले, आणि २०० वर ठेवलं. बाहेरच्यांना त्याच कारणाने २०९. टॉप एकाच जातीचे असल्यामुळे चारही टॉवरला एकच दुरुस्ती लागली, तरी प्रत्येकाचा "टक्" स्वतंत्र घेतला. एका केबलचं टोक चुकीच्या आउटपुटला लागलेलं त्यातच सापडलं.

शेवटी आवाजाची पातळी. एकेक टॉवर सुटा चालू ठेवून शेवटच्या रांगेत ६६ येईपर्यंत वाढवला, म्हणजे तिथे पोचणाऱ्या मुख्य आवाजाइतका. दोन्ही मिळून ६९. टॉवरपासून आठ मीटरवर टॉवर ७२ आणि मुख्य ६९, तीनचा फरक, हासच्या सवलतीत आरामात बसणारा. आणि पुढच्या बाजूला, टॉवरच्या आठ मीटर पुढे, जिथे आडवी वाट संपून सतरंज्या सुरू होतात, तिथे मागे सांडलेला आवाज ६२ आणि मुख्य ७१. वेळेची दरी तिथे ५८ मिलीसेकंद आहेच, ती कुणालाच काढता येणार नाही. पण नऊ डेसिबल खाली असलेला प्रतिध्वनी मुख्य आवाजाखाली झाकला जातो.

कानाने खात्री करायची माझी एक पद्धत आहे. टॉवरच्या मागे डोळे मिटून उभं राहायचं आणि आवाज कुठून येतो ते बोटाने दाखवायचं. बोट व्यासपीठाकडे गेलं पाहिजे. मग कुणाला तरी न सांगता टॉवर बंद करायला लावायचे. त्या क्षणी आवाज एकदम लांब आणि मळकट झाला, तर टॉवर बरोबर काम करत होते. बंद करण्याआधीच बोट खांबाकडे वळत असेल तर उशीर कमी पडतो आहे किंवा पातळी जास्त आहे. दुपारी ही परीक्षा मी समितीच्या काकांकडूनच करून घेतली. ते म्हणाले, "अजून मागचे लावलेच नाहीत ना?" लावलेले होते.

रात्र आणि थंडी

डिसेंबरात इंदूरला सूर्य मावळला की हवा झपाट्याने थंड होते. सहाला २४ अंश होते, साडेनऊला माझ्या थर्मामीटरवर १२. आवाजाचा वेग ३४६ वरून ३३९ मीटरवर आला, आणि ६६ मीटरच्या प्रवासाला १९१ ऐवजी १९५ मिलीसेकंद लागू लागले. म्हणजे मुख्य आवाज चार मिलीसेकंद उशिरा येऊ लागला आणि आपले १२ उरले आठ. आठ चालतात. पण ज्याने १२ न घालता अगदी बरोबर शून्यावर जुळवलं असेल, त्याचा टॉवर रात्री नऊला व्यासपीठाच्या चार मिलीसेकंद आधी बोलू लागतो आणि सगळा मागचा जमाव खांबाकडे तोंड करून कीर्तन ऐकतो. कारण कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण संध्याकाळी सगळं ठीक होतं. मी दुसऱ्या रात्री साडेआठला चारही टॉवरना चार मिलीसेकंद वाढवले, अभंगाच्या मधल्या विरामात.

थंडी आणखीही एक गोष्ट करते. दुपारी जमीन तापलेली असते, आवाज वर वळतो आणि मागे कमी पोचतो. रात्री जमीन गार आणि वरची हवा त्या मानाने उबदार असते, तेव्हा आवाज खाली वाकतो आणि लांब जातो. दुपारी तीनला चाचणी घेऊन टॉवरची पातळी कायम करणाऱ्याची रात्री वस्तीकडून तक्रार येते ती यामुळे. पातळीची माझी शेवटची नोंद नेहमी अंधार पडल्यावरची असते. त्या रात्री नऊनंतर टॉवर दोन डेसिबल खाली आणले, मागे कुणाला फरक कळला नाही, आणि सीमेवर मीटर ६४-६५ च्या आत राहिला. ठरल्याप्रमाणे दहाला आवाज बंद.

राहिलेला कोपरा

दुसऱ्या रात्री मधल्या रांगांतून एकही तक्रार आली नाही. पण शेवटच्या तीन-चार रांगांतून एक आजोबा स्वतः चालत आले. म्हणाले, "बाकी छान आहे हो, पण टाळ मागून पण वाजतोय." मी गेलो. खरंच होतं, आणि या वेळी थाप एकदा आणि टाळ दोनदा. आदल्या रात्रीच्या बरोबर उलटं. उंच आवाज परत येतो आहे म्हणजे तो कुठल्यातरी कठीण सपाट पृष्ठावर आपटून येतो आहे. मागची तीन मजली भिंत. शेवटच्या रांगेपासून भिंत २० मीटर, जाऊन येऊन ४०, म्हणजे ११५ मिलीसेकंद.

टॉवर बंद केले की ते कमी होत होतं, पूर्ण जात नव्हतं. म्हणजे भिंतीवर मुख्य स्पीकरचंही थोडं आपटत होतं, पण मोठा वाटा माझ्या चार टॉवरचा होता. सहा अंशांच्या झुकावाने नेम शेवटच्या रांगेवर असला तरी भोंग्याचा वरचा अर्धा भाग सरळ भिंतीकडे बघत होता. इथे उशिराचा आकडा बदलून काहीच होणार नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी झुकाव आठ अंश केला, म्हणजे नेम शंभराव्या मीटरऐवजी नव्वदाव्यावर आला. माणसांवर पडलेला आवाज ती शोषून घेतात, भिंत घेत नाही. शेवटच्या रांगेत यामुळे एखादा डेसिबल गेला, तो सोसला. मुख्य स्पीकरच्या सगळ्यात वरच्या खोक्याचा उंच आवाजही तीन डेसिबल कमी केला, कारण भिंतीच्या वरच्या दोन मजल्यांवर तेच खोकं मारत होतं. मंडपवाल्याने भिंतीसमोर कनात लावू का विचारलं. पातळ कापडातून आवाज आरपार जातो आणि आरपार परत येतो, म्हणून नको म्हटलं.

डाव्या कोपऱ्यात तरी थोडं राहिलंच. तिथे भिंत वळते आणि दोन बाजू मिळून आवाज एकाच जागी परत फेकतात, साधारण दहा मीटर रुंदीच्या पट्ट्यात. तिथल्या दोन सतरंज्या उचलून उजवीकडे घातल्या आणि त्या जागी चपलांचं स्टँड ठेवलं. आजोबा तिसऱ्या रात्री त्यांच्या त्याच रांगेत, दहा-बारा हात उजवीकडे बसले होते. मी मध्ये एकदा जाऊन विचारलं, तर त्यांनी बोट ओठांवर ठेवून मला गप्प केलं.